नमस्कार शेवटी, मुद्दा आधी

अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट संपला आणि सरांनी सांगितले, "लिंक्डइनवर एक पोस्ट टाका, कंपनीवाले वाचतात." मी रात्री बसून पोस्ट लिहिली. सुरुवात अशी होती:

"नमस्कार मित्रहो! सर्वांना सुप्रभात. आमच्या प्रोजेक्टचा अनुभव आपल्यासोबत शेअर करताना मला अत्यंत आनंद होत आहे. शेती हा आपल्या देशाचा कणा असून..."

टाकण्याआधी ती पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या सीनियर ताईला पाठवली. तिचा फोन आला, "अरे, यात तुझा मुद्दा कुठं आहे?" मी म्हटले, पाचव्या परिच्छेदात. ती म्हणाली, "तिथपर्यंत येणार कोण?"

तिचे म्हणणे खरे होते. लिंक्डइनवर एका पोस्टमध्ये ३००० अक्षरे लिहिता येतात, पण फीडमध्ये आधी दिसतात त्या साधारण पहिल्या तीनच ओळी. बाकीचा मजकूर "more" दाबल्यावर उघडतो. मोबाईलवर ओळ आखूड, म्हणजे दिसणारी अक्षरे आणखी कमी. माझ्या त्या तीन ओळींत नमस्कार, सुप्रभात आणि आनंद एवढेच मावले होते. हेच शब्द कोणत्याही प्रोजेक्टच्या पोस्टवर चिकटवता आले असते.

आता आमचा प्रोजेक्ट काय होता ते सांगतो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून आम्ही फवारणाऱ्याच्या अंगावर फवारा नेमका कुठे पडतो ते पाहायचे ठरवले. पंपात औषधाऐवजी रंगीत पाणी भरले, अंगावर ठिकठिकाणी पांढरे कागद चिकटवले आणि कमी-जास्त उंचीच्या कपाशीत फिरलो. कमरेएवढ्या झाडांत डाग मांड्यांवर पडले. झाडे डोक्याएवढी होती तिथे नोझल वर धरावे लागले आणि डाग छातीवर व तोंडावर आले. ते कागद पाहून शेतमालक काका सहज बोलून गेले, "लहान पऱ्हाटीत पायजमा ओला होते बावा, मोठ्या पऱ्हाटीत तोंड!"

आता कापाकापी. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक वाक्याला विचारायचे, हे वाक्य शेतात न गेलेल्या माणसाला लिहिता आले असते का? आले असते तर त्यावर काट मारायची. नमस्कार गेला, आनंद गेला, देशाचा कणाही गेला. दुसरी पायरी म्हणजे जे उरले त्यातले एकच वाक्य निवडून वर न्यायचे. मला कागदांवरचे डाग आणि काकांचे बोलणे यांतून ते मिळाले. तिसरी पायरी म्हणजे ते वाक्य मागचा-पुढचा संदर्भ नसताना समजते का, ते पाहायचे. मी ते घरी आईला वाचून दाखवले.

इथे माझी एक चूक झाली. जोर यावा म्हणून मी लिहिले, "यवतमाळचे मृत्यू उंच कपाशीमुळे झाले." ताईने लगेच अडवले. औषधांची मिश्रणे, तोंडाला मास्क नसणे, हातमोजे नसणे अशी कारणेही पुढे आली होती. आमच्या कागदांनी फक्त फवारा कुठे पडतो एवढेच दाखवले होते. पहिल्या ओळीतला मुद्दा खालच्या मजकुराने सिद्ध झाला नाही, तर तो मुद्दा राहत नाही, आमिष होते. "तुम्हाला माहीत आहे का?" ही सुरुवातही तशीच. ती उत्सुकता चाळवते, पण सांगत काहीच नाही.

शेवटी पोस्टची पहिली ओळ अशी झाली:

"कमरेएवढ्या कपाशीत फवारा मांड्यांवर पडतो, डोक्याएवढ्या कपाशीत तोंडावर, म्हणून फवारणाऱ्याचे संरक्षण पिकाच्या उंचीप्रमाणे बदलायला हवे."

हे वाक्य वाचून एखादा म्हणू शकतो, "नाही, मास्क तर नेहमीच हवा." म्हणू द्या! ज्यावर कोणी हरकत घेऊ शकतो, त्यातच काहीतरी सांगितलेले असते. सुप्रभातवर कोण वाद घालणार?

या ओळीखाली आम्ही प्रयोग कसा केला ते लिहिले, मग कागदांचा फोटो दिला आणि या पद्धतीची मर्यादाही सांगितली: डाग मोठे थेंब दाखवतात, पण श्वासातून आत जाणारे बारीक तुषार त्यांत नीट दिसत नाहीत. सरांचे, काकांचे आणि मित्रांचे आभार शेवटी आले. नमस्कार टाकून दिला नाही, फक्त निरोपाच्या जागी नेला.

एक पथ्य मात्र पाळा. ही कापाकापी मुद्दा असेल तरच उपयोगाची. सगळी वाक्ये कापल्यावर खाली काहीच उरले नाही, तर दोष पहिल्या ओळीचा नसतो. अशा वेळी पोस्ट बाजूला ठेवावी आणि पुन्हा शेतात जावे.