मे महिन्यात गाव निळं, शेत लाल

“रंग उलटे लागलेत तुमचे. दुरुस्त करून आणा.” तापमानाचा नकाशा पूर्ण उलगडायच्या आतच साहेबांनी निकाल दिला. आमच्या देवणीचं गावठाण निळं-हिरवं आणि भोवतीची शेतं लालभडक, हे त्यांना पटेना. त्यांच्या अहवालाचं पहिलं प्रकरण आधीच लिहून तयार होतं: सिमेंटची वस्ती तापते, हिरवा परिसर गार राहतो, म्हणून झाडं लावा. माझा नकाशा त्या प्रकरणाला चित्र म्हणून हवा होता, बाकी काही नाही.

मी म्हटलं, “साहेब, चित्र मे महिन्यातलं आहे. रानात हिरवं काय असतंय मे महिन्यात?” ते शेजारच्या माणसाकडं बघून हसले. ते हसू अजून डोक्यातून जात नाही. संस्थेचं नाव घेत नाही. पण उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायच्या वाटेनं जाणाऱ्या पोरांना चार गोष्टी आधी कळाव्यात, म्हणून लिहितोय.

लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह आपल्याकडं सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्यांचा दहावा पट्टा जमिनीतून निघणारी उष्णता टिपतो. हवेची नव्हे, पृष्ठभागाची: ढेकळाची, छताची, झाडाच्या शेंड्याची. आता मे महिन्यातलं आमचं रान आठवा. हरभरा, ज्वारी कधीच निघालेली, नांगरट झालेली, काळी माती भुसभुशीत आणि कोरडी. काळी म्हणून ऊन शोषते. ढेकळांत हवा भरलेली, त्यामुळं उष्णता खाली उतरत नाही, वरच्या थरातच साचते. ओल नाही, म्हणून बाष्पीभवनानं गारवा यायचाही प्रश्न नाही. अशी माती साडेदहापर्यंत चांगलीच तापलेली असते. गावात मात्र बोळांत सावली असते, अंगणात लिंबाचं झाड असतं, आणि दगड-सिमेंटच्या भिंती ऊन हळूहळू पोटात घेत असतात. ती उष्णता त्या बाहेर टाकतात रात्री, आणि तेव्हा लँडसॅटचं नेहमीचं चित्र घेतलं जात नाही.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये भारतातल्या ८४ शहरांचा अभ्यास मांडला. पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात, दिवसा, त्यातली बहुतेक शहरं भोवतालच्या मुलखापेक्षा थंड दिसली. रात्री मात्र गरम. कारण हेच: बाहेर पीक नाही, ओल नाही. मी हा लेख छापून नेला होता. टेबलावर ठेवला, कुणी उचललाही नाही.

रंगांवर वाद होतोच, म्हणून रंग दाखवायच्या आधी आकडे दाखवा. तयार मिळणाऱ्या दुसऱ्या पातळीच्या चित्रात `ST_B10` नावाचा पट्टा असतो. त्यातला आकडा तापमान नसतो, तो असा बदलावा लागतो:

```
LST = ST_B10 * 0.00341802 + 149.0 - 273.15
```

समजा, नांगरलेल्या रानाचा आकडा ५०००० आहे आणि गावठाणाचा ४९०००. रान ४६.७५ अंश सेल्सिअस, गावठाण ४३.३३. कच्च्या आकड्यांत हजाराचा फरक म्हणजे ३.४२ अंश. एवढं गणित साहेबांसमोर कागदावर केलं असतं तर कदाचित पटलं असतं. खरं तर नसतंच पटलं. पण तुम्ही करा.

आणि रंगपट्टीवर किमान-कमाल स्वतः ठरवा. सॉफ्टवेअरला सोडलं तर ते प्रत्येक चित्राचा सगळ्यात कमी आकडा निळा आणि सगळ्यात जास्त लाल करतं. मग दोन अंशांचा फरकही आगीसारखा दिसतो, आणि जानेवारीचा नकाशा मेच्या शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही.

शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाकडून रंग उलटे करून घेतलेच. अहवाल छापून आला तेव्हा मी आधी साठवण तलाव शोधला. तलाव लालभडक! मे महिन्यात सकाळी साडेदहाला आख्ख्या तालुक्यात पाण्याइतकं गार काही दिसत नाही. उन्हाळ्यातल्या दिवसाच्या तापमानाचा कुठलाही नकाशा हातात आला की पहिल्यांदा पाणी बघा. ते तापलेलं दिसलं तर पुढं वाचायची गरज नाही. छापणाऱ्यांपैकी एकालाही ते खटकलं नाही.

दुसरी गोष्ट पत्र्याची. आडतीच्या बाजूच्या मोठ्या पत्र्याच्या शेडी माझ्या नकाशात शेजारच्या उघड्या जागेपेक्षा थंड होत्या. हात लावला तर चटका बसेल असा पत्रा थंड कसा? कारण चकचकीत पत्रा उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. माती, पानं, सिमेंट यांची उत्सर्जकता ०.९५च्या आसपास धरली जाते. नव्या जस्ती पत्र्याची त्याच्या एक-तृतीयांशही नसते. हिशेबात तिची चूक ०.०१ झाली तरी तापमान अर्धा-पाऊण अंश हलतं. तयार चित्रातली उत्सर्जकता २००० ते २००८च्या अ‍ॅस्टर नोंदींवरून घेतलेली असते आणि ती फक्त हिरवाईनुसार सुधारली जाते. त्यानंतर ठोकलेल्या पत्र्यांची तिला खबर नाही. हातातल्या इन्फ्रारेड बंदुकीनं खात्री करायला गेलात तर तीही फसते. पत्र्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी लावा, ती तापू द्या, मग पट्टीवर मोजा. ही युक्ती मला एका मोटार रिवाइंडिंगवाल्यानं सांगितली, तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकानंही नाही.

वस्त्यांची तुलना करायची तर जागा मोठी लागते. चित्रात चौकट ३० मीटरची दिसते, पण उष्णतेचं मोजमाप मुळात १०० मीटरचं असतं. बारीक चौकट नंतर केलेली असते. म्हणजे एक खरं मोजमाप जवळपास अडीच एकरांचं. कडेच्या चौकटीत शेजारचं मिसळलेलं असतं, म्हणून मी निदान तीन बाय तीनचा तुकडा धरतो, साधारण नऊ हेक्टर. एवढी सलग हिरवी वस्ती देवणीत कुठंय? तहसीलच्या आवारातल्या चार झाडांचा गारवा यात शोधू नका. हिरवं म्हणून मी शेवटी भिजवलेल्या उसाचा पट्टा घेतला, आणि तो मे महिन्यातही गावठाणापेक्षा गार निघाला. साहेबांना हवं ते वाक्य त्यातून नीट लिहिता आलं असतं: पाणी मिळणारी हिरवळ गार, नुसती मोकळी जमीन नव्हे. पण त्यांना उघडं रान हेच ‘हिरवा परिसर’ म्हणून दाखवायचं होतं, कारण गावाबाहेर म्हणजे हिरवं, हे शहरातल्या खुर्चीत आधीच ठरलेलं.

हरभरा दाटल्यावरचं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचं, चित्र जरूर घ्या. तेव्हा रान गार आणि गाव त्यापेक्षा उबदार, असं चित्र उलटतं. सोयाबीन उभं असतानाचं चित्र मिळालं तर उत्तमच, पण श्रावण-भाद्रपदात ढग सोडत नाहीत. विरळ ढगाखालची जमीनही थंड भासते. `QA_PIXEL` पट्ट्यात `21824` आकडा असलेल्याच चौकटी ठेवा. ती निरभ्र जमीन.

रात्रीचं हवं असेल तर अंतराळ स्थानकावरचं इकोस्ट्रेस आहे, २०१८पासून, सुमारे ७० मीटरच्या चौकटीचं. त्याची वेळ ठरलेली नसते, शोधावं लागतं. मी ते देऊ केलं होतं. “रात्रीचं कशाला, लोक झोपलेले असतात,” असं उत्तर आलं. उन्हाळ्यात स्लॅबच्या घरात कोण झोपतं, हे त्यांनी देवणीत येऊन एकदा बघावं.

आणि काम घेताना कागदावर महिना लिहून घ्या, वेळ लिहून घ्या, नकाशा पृष्ठभागाच्या तापमानाचा आहे हेही लिहून घ्या. तसं लिहिलेलं नव्हतं, एवढंच कारण सांगून माझी अर्धी रक्कम अजून अडकवून ठेवली आहे.