पुस्तकाच्या क्रमांकातला शेवटचा अंक

समजा, लिंबागणेशच्या शाळेत तुम्ही पुस्तकांची यादी उतरवून घेत आहात. एका पुस्तकाचा आयएसबीएन आहे ९७८८१७१६५४२०८. यातला शेवटचा ८ हा तपासणी-अंक. आधीच्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरच्यांची बेरीज २६. सम स्थानांवरच्यांची ३२, तिची तिप्पट ९६. एकूण १२२. पुढची दहाची पट १३०, तिला ८ कमी पडतात, म्हणून ८.

५४ चे चुकून ४५ लिहिले, तर बेरीज १२४ होते आणि ६ हवा असतो. चूक सापडली! पण १६ चे ६१ झाले, तर? बेरीज ११२, तपासणी-अंक पुन्हा ८च. फरक पाचाचा, म्हणून बेरीज नेमकी दहाने घटली. असा क्रमांक मूळ यादीतच शोधावा लागतो, आणि सापडला तरी पुस्तकाचे नाव जुळवून पाहावे लागते.