रिकर्शन म्हणजे काय? रांगेतील मुलांचे उदाहरण

संगणकाच्या आज्ञावलीत ‘फंक्शन’ म्हणजे एक ठराविक काम करून देणारा, नाव दिलेला आज्ञांचा संच. असे फंक्शन आपले काम पुरे करण्यासाठी पुन्हा स्वतःलाच बोलावते, तेव्हा त्या रीतीस रिकर्शन म्हणतात. पण ‘स्वतःलाच बोलावणे’ एवढ्याने विद्यार्थ्यास बोध होत नाही. त्यासाठी वर्गातील रांगेचा उपयोग करावा.

सखू, बाळू, गंगा, नामा आणि विठू ही मुले एकामागे एक उभी आहेत. प्रत्येकास फक्त आपल्या लगतच्या मागील मुलाशी बोलता येते. गुरुजी सखूला विचारतात, “तुला धरून रांगेत किती मुले आहेत?” नियम सर्वांना एकच. मागे कोणी नसेल, तर ‘एक’ म्हणावे. मागे कोणी असेल, तर त्याला हाच प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तरात एक मिळवून आपले उत्तर द्यावे.

सखू बाळूला विचारते, बाळू गंगेला, गंगा नामाला, नामा विठूला. विठूच्या मागे कोणी नाही. तो ‘एक’ म्हणतो. मग नामा ‘दोन’, गंगा ‘तीन’, बाळू ‘चार’ आणि सखू ‘पाच’ म्हणते. प्रश्न मागे जात असताना कोणासही उत्तर ठाऊक नव्हते. प्रत्येकजण आपला प्रश्न अर्धवट ठेवून थांबला होता. उत्तरे उलट क्रमाने परत आली.

हाच नियम पायथन भाषेत असा लिहितात. रांगेत निदान एक मूल आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

```
def moja(rang):
    if rang[1:] == []:
        return 1
    return 1 + moja(rang[1:])
```

`rang[1:]` म्हणजे पहिले मूल वगळून उरलेली रांग. प्रत्येक वेळी रांग एकाने लहान होते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. `return 1` ही ओळ म्हणजे विठू होय.

आता मुलांना वर्तुळात उभे करून तोच प्रश्न विचारावा. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी असतेच. त्यामुळे प्रश्न फिरत राहतो आणि उत्तर कधीच येत नाही. थांबण्याची अट विसरलेल्या आज्ञावलीची अशीच गत होते. थांबलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद संगणकास स्मृतीत ठेवावी लागते आणि ती जागा मर्यादित असते. म्हणून पायथन साधारणतः 1000 प्रश्न एकात एक अडकले की काम थांबवून `RecursionError` दाखवतो. मात्र नियम अचूक असूनही रांग फार लांब असेल, तर हाच दोष दिसतो. तेव्हा प्रथम थांबण्याची अट तपासावी, नंतर रांगेची लांबी.

गुरुजी स्वतः रांगेतून चालत ‘एक, दोन, तीन’ असे मोजतील, तर उत्तर तेच येईल. पण ते रिकर्शन नव्हे. तेथे एकच मोजणारा पुढे सरकतो आणि मागे कोणाचाही प्रश्न अपुरा राहत नाही.