विक्रीस काढलेली शेड आणि तिची ताळेबंदातील किंमत

कारखान्याची शेड, तिच्याखालचा भूखंड किंवा यंत्रसामग्री वापरून नव्हे तर विकून पैसा उभा करण्याचे कंपनीने ठरवले आणि त्यासाठीच्या अटी पुऱ्या झाल्या, की ती मालमत्ता हिशेबात वेगळ्या वर्गात जाते. सूचिबद्ध व मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस १०५’ या भारतीय लेखामानकात तिला ‘विक्रीसाठी धारण केलेली’ मालमत्ता म्हणतात. या वर्गात आल्यापासून तिच्यावरील घसारा थांबतो, ताळेबंदात ती स्वतंत्र ओळीत दाखवली जाते, आणि तिची पुस्तकी किंमत व विक्रीखर्च वजा जाता उरणारे वाजवी मूल्य या दोहोंपैकी जी रक्कम कमी असेल तीच धरली जाते. वाजवी मूल्य म्हणजे मोजमापाच्या दिवशी बाजारातील जाणकार घटकांमधील रीतसर व्यवहारात मिळेल ती किंमत. मालकाने मागितलेली किंमत नव्हे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या हिशेबात प्रस्तुत लेखकाच्या हातून जी चूक झाली, तिचे मूळ या व्याख्येकडे झालेल्या दुर्लक्षात होते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात संचालक मंडळाने दुसरी शेड भूखंडासह विकण्याचा ठराव केला, आणि केवळ त्या ठरावाच्या आधारे ३१ मार्चलाच तिचे वर्गीकरण बदलण्यात आले. आकडे समजण्यासाठी ढोबळमानाने मांडायचे तर पुस्तकी किंमत ४.८० कोटी रुपये होती आणि मागणी ५.५० कोटींची होती. मागणी जास्त असल्याने तोटा नोंदवण्याचा प्रश्नच नाही असे मानले गेले, आणि दरमहा ५ लाखांचा घसाराही बंद करण्यात आला.

वास्तविक मानकाच्या दोन अटी तेव्हा पुऱ्या झालेल्या नव्हत्या. मालमत्ता आहे त्या स्थितीत तत्काळ विकता आली पाहिजे, ही पहिली अट. परंतु या शेडमध्ये एका जुन्या ग्राहकाची मागणी ऑगस्टअखेरपर्यंत पुरी करायची होती, ते काम खरेदीदाराकडे सोपवायचे नव्हते, आणि म्हणून तोवर ताबा देणे शक्य नव्हते. वर्षभरात विक्री होण्याची दाट शक्यता असली पाहिजे, ही दुसरी अट, आणि त्यासाठी खरेदीदाराचा खरोखर शोध सुरू असणे व मागितलेली किंमत वाजवी मूल्याशी सुसंगत असणे आवश्यक असते. स्वतंत्र मूल्यांककाने नंतर वाजवी मूल्य ४ कोटी ठरवले, यावरून ५.५० कोटींची मागणी बाजारापासून किती दूर होती हे दिसते.

विक्रीखर्चाची बाजूही अपुरीच धरली गेली होती. विक्रीमुळेच उद्भवणारा वाढीव खर्च तेवढाच यात येतो. कर्जावरील व्याज आणि आयकर येत नाहीत. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने त्याच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. येथे ते शुल्क विक्रेत्याने भरायचे होते, म्हणून दलालीचे ८ लाख, कागदपत्रांचे २ लाख आणि हस्तांतरणाचे ३० लाख असे ४० लाख वजा होऊन ३.६० कोटी उरले. शुल्क खरेदीदार भरणार असेल तर तो सहसा देऊ केलेली किंमतच तेवढी कमी करतो, आणि अशा वेळी ते पुन्हा वजा केले तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

याहून मोठी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती पुढील वर्षी लेखापरीक्षकांनी दाखवून दिली. वर्गीकरणाच्या अटी पुऱ्या नसल्या तरी मालमत्ता ठरल्यापेक्षा लवकर विकण्याचा बेत हाच ‘इंड एएस ३६’ नुसार मूल्यघटीचा संकेत असतो, त्यामुळे ३१ मार्चलाच मूल्यघटीची तपासणी व्हायला हवी होती. उरलेल्या कामातून येणारी रक्कम आणि अखेरची निव्वळ विक्री किंमत यांचे त्या दिवशीचे मूल्य ३.८५ कोटी येत होते, म्हणजे ९५ लाखांचा तोटा त्याच वर्षाचा होता. पुढील पाच महिन्यांचा २५ लाखांचा घसारा जाता ऑगस्टअखेर किंमत ३.६० कोटी झाली असती, आणि वर्गीकरण तेव्हा रीतसर करता आले असते, नवा तोटा न होता.

विक्रीचा बेत पुढे मोडला असता तर तो बदल त्या वर्षीच हिशेबात आला असता. परंतु येथे अटी मुळातच पुऱ्या नव्हत्या, म्हणून ही चूक ठरली आणि मागील वर्षाचे आकडे दुरुस्त करावे लागले. ज्या भागधारकांनी त्या वर्षीचा नफा खरा मानून निर्णय घेतले असतील, त्यांच्याविषयी लेखकाला मनापासून खंत वाटते. विक्रीचा ठराव टेबलावर येताच लेखापालांनी शेडमध्ये जाऊन काम चालू आहे का ते पाहावे, आणि मागणीचा आकडा बाजूला ठेवून मूल्यांककाचा अहवाल ३१ मार्चपूर्वी मागवावा, ही त्यांना कळकळीची विनंती आहे.