तारीख बदलली तर ॲडव्हान्सचं काय? केटररने ग्राहकाला द्यायचं पत्र

केटरिंगमध्ये भांडण जेवणावरून कमी आणि ॲडव्हान्सवरून जास्त होतं. कारण पावतीवर फक्त "ॲडव्हान्स २५,०००" एवढंच लिहिलेलं असतं. ते कशाचे, हे लिहिलेलंच नसतं.

समजा, तुमचं केटरिंग नवीन जालन्यात आहे. कुंडलिकेपलीकडच्या जुन्या जालन्यातल्या एका कुटुंबाचं १४ मेचं लग्न तुम्ही घेतलं. ४०० ताटं, माणशी २५० रुपये, एकूण १ लाख. ॲडव्हान्स २५,०००. त्याच दिवशी हे पत्र द्या:

"आपल्याकडून २५,००० रुपये मिळाले. त्यातले १०,००० तारीख राखून ठेवण्याचे आणि १५,००० सामान व माणसांच्या आगाऊ खर्चाचे.

१) तारीख बदलल्याचं ३० दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम नव्या तारखेला धरू. ती तारीख आमच्याकडे मोकळी नसेल तर पूर्ण परत करू.

२) त्यानंतर कळवल्यास १०,००० परत मिळणार नाहीत. मात्र जुन्या तारखेला आम्हाला दुसरं काम मिळालं तर तेही वळते करू.

३) १५,००० मधून प्रत्यक्ष बुडालेला खर्च हिशेब दाखवून वजा करू. उरलेले नव्या तारखेला धरू किंवा ७ दिवसांत परत करू.

४) आमच्याकडून काम रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत."

आता हिशेब करू. २ मे रोजी फोन आला, "दादा, लग्न २८ मेला ढकललंय." १२ दिवसच उरलेत, म्हणजे दुसरा मुद्दा लागू. आचारी आणि वाढप्यांना दिलेला ४,५०० रुपयांचा इसार बुडाला. तेल-तांदूळ आणलेत, पण ते दुसऱ्या कामात वापरता येतात, म्हणून तो बुडालेला खर्च नाही. इथेच बरेच जण चुकतात आणि ग्राहकाचा विश्वास जातो. १५,००० मधून ४,५०० गेले, १०,५०० नव्या तारखेला जमा. १४ मेला दुसरं काम मिळालं, तर जमा २०,५००.

"कोणत्याही परिस्थितीत ॲडव्हान्स परत मिळणार नाही" असं लिहून टाकलं की आपण सुटलो, असं काहींना वाटतं. तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून बुडालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. इसार रोख दिला असेल तर वहीत तारीख टाकून सही घ्या.

शेवटचं एक. पत्र व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "वाचलं, मान्य आहे" असं उत्तर आल्यावरच तारीख डायरीत पक्की करा. तारीख बदलल्याचा फोन आला, तरी तेही लिहूनच मागा, कारण ३० दिवस त्या मेसेजच्या तारखेपासूनच मोजायचे आहेत.