चेष्टा कुठं थांबवायची?

"तुला माळेगावच्या जत्रेतून आणलंय," असं म्हणून आपल्याकडं लेकरांना चिडवतात. सात-आठ वर्षांच्या पोराला त्यातली गंमत कळते. तीन-चार वर्षांचं लेकरू मात्र मोठ्यांचा शब्द खराच धरतं.

ते हसून उलट चिडवत असेल, तर खेळ आहे. हसू थांबलं, मान खाली गेली, की चेष्टा तिथंच थांबवा. नंतर "मी तुमचाच ना?" असं ते पुन्हा पुन्हा विचारू लागलं, पाहुण्यांसमोर यायला नको म्हणालं, तर शब्द मनाला लागलाय.

अशा वेळी "गंमत केली रे" एवढ्यावर सोडू नका. जवळ घेऊन "तू माझ्याच पोटचा" असं स्पष्ट सांगा. चारचौघांत चिडवलं असेल, तर चिडवणाऱ्यानंच चारचौघांत ते सांगावं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर दवाखान्यातही दाखवा. लघवीचा आजारही असू शकतो.