सर म्हणाले की मी उद्या येणार नाही

27 वर्षे मी तालुक्याच्या गावात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. ‘इनडायरेक्ट करा’ आणि ‘व्हॉइस बदला’ हे दोन प्रश्न आले की मुले पाठ केलेला तक्ता आठवू लागतात, आणि तरीही ठरावीक जागीच घसरतात. बरीच वर्षे मी त्याला आळस म्हणत होते. पुढे चुकांची वही ठेवली तेव्हा लक्षात आले, की यातल्या बहुतेक चुका इंग्रजीच्या नाहीतच. मुले अस्सल मराठी बोलत असतात, फक्त शब्द इंग्रजी असतात. त्या वहीतून हे काढले आहे.

1. आपला ‘की’ म्हणजे इंग्रजीचा ‘दॅट’ नव्हे.

आमच्या गणिताच्या सरांनी एका मुलाजवळ निरोप दिला, की उद्या मी येणार नाही. हेडसरांनी नियम केला होता, ऑफिसात इंग्रजीतच बोलायचे. मुलगा धीटपणे म्हणाला, “सर सेड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो.” हेडसर म्हणाले, “का रे, तुला काय झालं?” मुलगा गोंधळला. तो म्हणाला, “मला नाही सर, सरांना.”

मराठीत त्याचे काहीच चुकले नव्हते. ‘सर म्हणाले की मी उद्या येणार नाही’ हे वाक्य आपण रोज बोलतो आणि त्यातला ‘मी’ म्हणजे सर, हे सगळ्यांना कळते. ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचे शब्द मराठीत जसेच्या तसे राहू शकतात, फक्त अवतरणचिन्हे जातात. इंग्रजीत ‘दॅट’ आला की आतले बोलणे निरोप सांगणाऱ्याच्या तोंडचे होते. मग ‘आय’ म्हणजे निरोप घेऊन आलेला मुलगाच. हा फरक मी आता पहिल्या तासाला सांगते. तक्ता नंतर.

2. शब्द बदलण्याआधी माणसे शोधावीत.

कोण बोलले आणि कोणाला, हे वाक्याच्या वर पेन्सिलीने लिहायचे. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

रवी सेड टू मीना, “आय सॉ युअर ब्रदर हिअर येस्टरडे.”

बोलणारा रवी, ऐकणारी मीना. ‘आय’ रवीचा, म्हणून ‘ही’. ‘युअर’ मीनाचा, म्हणून ‘हर’. आता बोलण्याची जागा आणि दिवस मागे पडले, म्हणून ‘हिअर’चे ‘देअर’ आणि ‘येस्टरडे’चे ‘द प्रीव्हिअस डे’. ‘सेड टू’चे ‘टोल्ड’. क्रियापद एक पायरी मागे: ‘सॉ’चे ‘हॅड सीन’. उत्तर: रवी टोल्ड मीना दॅट ही हॅड सीन हर ब्रदर देअर द प्रीव्हिअस डे.

क्लासवाले यासाठी ‘सन, वन-टू-थ्री’ असे सूत्र देतात. पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे, दुसरा ऑब्जेक्टप्रमाणे, तिसऱ्यात नो चेंज. सूत्र खरे आहे, पण ऐकणारा ‘मी’ असला की मुले त्यातच अडकतात. ‘ही सेड टू मी, यू आर लेट’ याचे ‘ही टोल्ड मी दॅट मी वॉज लेट’ असे उत्तर मी शेकडो वेळा तपासले असेल. ऑब्जेक्टप्रमाणे म्हटले ना, मग ‘मी’ उचलून ठेवला! माणूस तोच ठेवायचा, रूप जागेप्रमाणे घ्यायचे: दॅट आय वॉज लेट. पेन्सिलीने वर ‘यू = मी स्वतः’ असे मराठीत लिहिणाऱ्या मुलाची ही चूक सहसा होत नाही.

3. काळ बदलायचा की नाही, ते अवतरणाच्या बाहेर ठरते.

‘ती म्हणाली की मी आजारी आहे.’ म्हणाली काल, तरी ‘आहे’. मराठी इथे काळ हलवत नाही, म्हणून मुलांना काळ हलवणे खोटे वाटते. एका मुलीने विचारले होते, “बाई, ती अजून आजारीच असली तर?” प्रश्न बिनतोड होता. गोष्ट अजून खरी असेल तर बोलण्या-लिहिण्यातल्या इंग्रजीतही वर्तमानकाळ चालतो. परीक्षेत मात्र ‘सेड’ दिसला की काळ मागे न्यायचा, एवढा संकेत पाळावा. सूर्य पूर्वेला उगवतो यासारखे कायमचे सत्य असेल तरच तसेच ठेवावे.

याची दुसरी बाजू मुले विसरतात. बाहेर ‘सेज’ असेल तर आतला काळ हलत नाही. काळ बदलण्याची सवय एकदा हाताला लागली की मुले ‘सेज’च्या वाक्यातही सपासप बदल करत जातात. म्हणून बाहेरच्या क्रियापदाभोवती आधी गोल काढायचा, हा माझ्या वर्गाचा नियम. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ यांना हात लावायचा नाही. त्यांचे ‘वुड हॅड’ वगैरे करणारे दरवर्षी दोन-तीन तरी निघतात.

4. प्रश्नात ‘दॅट’ नको. आज्ञेत मात्र मराठी कामी येते.

‘त्याने विचारले की तू कुठे चालला आहेस.’ इथेही ‘की’ आहे, म्हणून मुले ‘आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग’ लिहितात. इंग्रजीत ‘व्हेअर’ स्वतःच जोडण्याचे काम करतो, त्यामुळे ‘दॅट’ला जागा उरत नाही. शिवाय बोलण्यातला प्रश्न संपून साधे विधान होते, म्हणून कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो: ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग. शेवटी पूर्णविराम. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलत नाही, तेव्हा तो परत जागेवर आणायचा असतो हे मुलांना सुचणार कुठून? ‘येतोस का?’ अशा ‘का’च्या प्रश्नाला ‘इफ’ घ्यायचा आणि क्रम तसाच सरळ करायचा.

आज्ञेच्या वाक्यात उलटे होते. ‘बाईंनी मला बसायला सांगितले’ असे आपण म्हणतोच. ते ‘बसायला’ म्हणजे थेट ‘टू सिट’. ‘न बोलायला सांगितले’ म्हणजे ‘नॉट टू टॉक’. इथे मी मुलांना आधी मराठीत बोलायला लावते आणि मग उतरवून घेते.

5. ‘ने’ दिसला म्हणजे पॅसिव्ह झाले असे नाही.

वहीतली सगळ्यात जाड पाने याच गोंधळाची आहेत, आणि त्यात मुलांचा दोष नाही. मराठीच्या तासाला ते शिकतात की ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या तासाला शिकतात की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मग ‘रामाने आंबा खाल्ला’ याचे इंग्रजी करताना लिहितात ‘मँगो वॉज ईटन बाय राम’. दोन्ही तासांचे धडे त्यांनी इमानदारीने जोडलेले असतात!

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते यावर. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, आंबे खाल्ले. क्रियापद कर्माच्या मागे गेले म्हणून कर्मणी. पण राम वाक्यात पुढेच उभा आहे आणि बोलणे रामाबद्दलच चालले आहे. इंग्रजीत हे सरळ ‘राम एट अ मँगो’, म्हणजे ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचे मराठी वाक्य म्हणजे ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’. आपली व्याकरणाची पुस्तके याला नवीन कर्मणी म्हणतात आणि घरात असे कोणी बोलत नाही. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचे. प्रयोगांच्या चर्चेसाठी स्पर्धा परीक्षेची मुले अजून त्याच्याकडे वळतात. मी त्यांना सांगते, दामले वाचा, पण ते पुस्तक इंग्रजीच्या पेपराला घरी ठेवून या.

कर्मणीचा एक उपयोग मात्र मी करून घेते. ‘चिंच’ म्हटल्यावर ‘खाल्ली’ आपोआप येते ना? तसेच पॅसिव्हमध्ये ‘इज’ की ‘आर’, ते नव्या कर्त्याकडे पाहून ठरवायचे. जुन्या कर्त्याशी आता देणेघेणे नाही.

6. शब्द मोजा.

पॅसिव्ह तपासायची माझी युक्ती साधी आहे. पॅसिव्हमध्ये क्रियापदाच्या गटात ॲक्टिव्हपेक्षा बरोबर एक शब्द जास्त असतो.

द कारपेंटर इज रिपेअरिंग अवर डोअर. गटात दोन शब्द, ‘इज रिपेअरिंग’. उत्तरात तीन हवेत: अवर डोअर इज बीइंग रिपेअर्ड बाय द कारपेंटर. मुले ‘इज रिपेअर्ड’ लिहून मोकळी होतात, मोजले की दोनच भरतात, म्हणजे ‘बीइंग’ गळले. ‘रोट’ एक, ‘वॉज रिटन’ दोन. ‘विल हॅव रिटन’ तीन, ‘विल हॅव बीन रिटन’ चार. मोजताना ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ आणि ‘नॉट’ धरायचे नाहीत. ‘लेट’ने होणाऱ्या आज्ञार्थी वाक्यांनाही हा हिशेब लागू नाही.

पण मोजण्याआधी कर्म आहे का ते पाहावे. ‘ही गोज टू स्कूल’चे एकाने ‘स्कूल इज गॉन बाय हिम’ केले होते. गट मोजला तर बरोबर, एकाचे दोन! पण जाण्याला कर्मच नसते, शाळा हे ठिकाण आहे. ज्याला कर्म नाही त्याचे पॅसिव्ह नाही.

7. ‘बाय’ पुढचा माणूस कामाचा आहे का?

‘समवन स्टोल माय सायकल’चे ‘माय सायकल वॉज स्टोलन’ एवढे पुरते. ‘बाय समवन’ लिहून माहितीत भर पडत नाही. आमच्या नगरपालिकेच्या पाट्या यात पक्क्या आहेत: ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ कोण ठेवणार, ते पाटी कधीच सांगत नाही. ‘नो’ या क्रियापदाला मात्र ‘बाय’ऐवजी ‘टू’ लागतो, ‘ही इज नोन टू मी’, आणि परीक्षकांना तो फार आवडतो.

घरात दहावीचे मूल असेल तर आज त्याच्यापुढे एक वाक्य ठेवून पाहा: शी सेज, “आय वॉज रायटिंग अ लेटर.” इनडायरेक्ट करायला सांगा. त्याने ‘वॉज’ला हात लावला, तर तिसरा मुद्दा त्याला पुन्हा वाचून दाखवा.